दोन घोटांत नाक चोंदतं, तेव्हा बाटलीआधी नाक तपासा

*"वय ३९. दोन वर्षांपासून वाइनचे दोन घोट पोटात गेले की पंधरा-वीस मिनिटांत नाक गच्च होतं, कधी छातीत शिट्टीही वाजते. बीअरनेही तेच. मला सौम्य दमा आहे. माझ्या भावाचं वेगळंच: त्याला बीअरनंतर अंगभर गांधी उठतात. ही दारूची ॲलर्जी आहे का? सल्फाइट नसलेली वाइन घेतली तर चालेल का?"*

वाइन बदलण्याआधी मला तुमच्याकडून तीन गोष्टी कळायला हव्यात. पहिली, वास येतो का? गॅसवर काही करपलं तर घरात सगळ्यांत आधी तुम्हाला कळतं, की शेवटी? दुसरी, ही सर्दी फक्त पिण्यापुरती असते, की एरवीही नाक बारा महिने जड असतं आणि कुणी कधी "नाकात मांस वाढलंय" असं म्हटलंय? आणि तिसरी, सगळ्यांत महत्त्वाची: डोकं, दात किंवा पाठ दुखते म्हणून गोळी घेतली आणि तासा-दोन तासांत नाक वाहू लागलं, डोळे लाल झाले, दम लागला, असं कधी झालंय का?

हे प्रश्न दारूशी संबंध नसल्यासारखे वाटतील. पण तुमचं वय, दमा आणि वाइन-बीअर दोन्हींनी होणारा त्रास एकत्र वाचल्यावर माझ्या मनात पहिल्यांदा हेच आले. ते का, ते सांगतो.

दारूतला मुख्य पदार्थ म्हणजे इथेनॉल. त्याची खरी ॲलर्जी, म्हणजे शरीराने त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार करणं, ही फारच विरळा गोष्ट आहे. तो रेणू इतका छोटा आहे की रोगप्रतिकारक यंत्रणेला त्याला एकट्याने ओळखणं अवघड जातं. त्यामुळे "दारूची ॲलर्जी" म्हणून जे सांगितलं जातं त्यात बहुतेक वेळा दोनपैकी एक गोष्ट असते. एकतर पेयात मिसळलेला दुसरा एखादा पदार्थ त्रास देतो, किंवा नाक आणि श्वासनलिका आधीच सुजलेल्या असतात आणि दारू त्या सुजेला ढुशी देते. पहिल्या प्रकारात दोष बाटलीत आहे, दुसऱ्यात नाकात. लोक, आणि पुष्कळदा डॉक्टरही, बाटलीवरच अडकून राहतात.

दोन्हींमधला फरक ओळखायची एक साधी खूण आहे: त्रास एकाच जातीच्या पेयाने होतो की सगळ्यांनी? तुम्ही व्होडका किंवा जिनबद्दल काही लिहिलेलं नाही. मागे कधी घेतली असेल तर तेव्हा काय झालं ते आठवून पाहा. मुद्दाम घेऊन बघू नका, आठवणच पुरे आहे. ऊर्ध्वपातन केलेल्या या रंगहीन मद्यांत सल्फाइट, हिस्टामिन आणि धान्याची प्रथिनं जवळपास नसतात. त्यांनीही नाक चोंदत असेल, तर बाटलीतल्या या तिन्ही संशयितांची बाजू एकदम लंगडी पडते.

आता सल्फाइटचं. वाइन टिकावी म्हणून त्यात सल्फर डायऑक्साइड घालतात, आणि काही दमेकऱ्यांना त्याचा खरोखर त्रास होतो. आम्लयुक्त पेयातून हा वायू बाहेर पडतो, घोट घेताना तो श्वासाबरोबर आत जातो आणि श्वासनलिका आकसतात. हे काही मिनिटांत घडतं, आणि त्यात जोर छातीवर असतो, नाकावर कमी. ज्यांचा दमा तीव्र आहे, ज्यांना स्टेरॉइडच्या गोळ्या घ्याव्या लागतात, त्यांच्यात हे जास्त दिसतं. एकूण दमेकऱ्यांत अशी माणसं शंभरात तीन ते दहा धरली जातात. तुमच्याबाबत मला ते पटत नाही, कारण बीअरमध्ये सल्फाइट साधारणपणे फारच कमी असतात आणि तुम्हाला बीअरनेही तोच त्रास आहे. शिवाय सल्फाइट लाल वाइनपेक्षा पांढऱ्या वाइनमध्ये सहसा जास्त असतात. लालने जास्त आणि पांढरीने कमी त्रास होत असेल तर संशय आणखी मावळतो. एक पडताळा घरबसल्या आठवणीतून करता येतो. केशरी चकचकीत जर्दाळू खाऊन कधी छाती आवळली होती का? त्या रंगासाठी त्यात भरपूर सल्फाइट वापरलेले असतात. जर्दाळू सुखाने पचत असतील तर वाइनमधल्या सल्फाइटवर बोट ठेवायला फारसा आधार उरत नाही. आणि "सल्फाइट न घातलेली" याचा अर्थ "सल्फाइट नसलेली" असा होत नाही. आंबवताना यीस्ट स्वतःच थोडे सल्फाइट तयार करतं.

हिस्टामिन हा दुसरा लोकप्रिय आरोपी. लाल वाइनमध्ये तो पांढरीपेक्षा जास्त असतो, आणि आतड्यात त्याला मोडणाऱ्या विकराच्या कामात दारू अडथळा आणते. डोकं जड होणं, चेहरा लाल होणं, नाक थोडं भरणं हे त्याने काही जणांत होऊ शकतं. पण दोन घोटांतून मिळणारं हिस्टामिन अगदी थोडं असतं. इतक्या कमी प्रमाणात आणि इतक्या झटपट नाक पूर्ण बंद होत असेल, तर कारण नाकातच शोधायला हवं असं माझं मत आहे.

ज्या आजाराचा मला संशय आहे त्याला ॲस्पिरिनमुळे बळावणारा श्वसनविकार म्हणतात. आम्ही आपसात बोलताना इंग्रजी आद्याक्षरांवरून एईआरडी म्हणतो. जुनं नाव सॅम्टरचं त्रिकूट: दमा, नाकातले पॉलिप आणि ॲस्पिरिनच्या जातीच्या वेदनाशामकांनी होणारा त्रास. फ्रान्समध्ये विडाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे तिन्ही एकत्र १९२२ सालीच नोंदवलं होतं. मॅक्स सॅम्टर यांच्या १९६८ सालच्या लेखानंतर त्याला त्यांचं नाव चिकटलं. दारू या त्रिकुटात नाही, पण मला विचाराल तर ती चौथी खूण आहे. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात अशा रुग्णांपैकी तीन-चतुर्थांश लोकांना दारूनंतर नाकाचा त्रास होत होता आणि निम्म्यांना छातीचा. ॲस्पिरिन सोसणाऱ्या दमेकऱ्यांमध्ये हे प्रमाण बरंच कमी होतं. या आजारातला त्रास सहसा पहिल्या पेल्यातच, कधी काही घोटांतच सुरू होतो आणि तो कुठल्याही मद्याने होऊ शकतो. हे वर्णन तुमच्या प्रश्नाशी किती जुळतं ते पाहा.

आजार एका झटक्यात येत नाही. बहुतेकांच्या गोष्टीला तिशी-चाळिशीत एका सर्दीपासून सुरुवात होते, जी पुढे जातच नाही. मग वास कमी होतो. मग पॉलिप, म्हणजे नाकाच्या आतल्या अस्तराचे सुजून लोंबणारे फुगे. ज्याला आपण "मांस वाढलं" म्हणतो ते बहुधा हेच. त्यानंतर दमा येतो किंवा आधीचा वाढतो. वेदनाशामकाची तीव्र प्रतिक्रिया पुष्कळदा शेवटी कळते, आणि तीच सगळ्यांत धोक्याची. वाइनने नाक चोंदणं ही तक्रार त्याच्या आधी येऊन गेलेली असते, पण तिला कुणी महत्त्व दिलेलं नसतं. मला या लक्षणाची एवढी कळकळ आहे ती याचसाठी.

शरीरात नेमकं काय होतं? या रुग्णांच्या नाकात आणि श्वासनलिकांत ल्युकोट्राइन नावाची रसायनं जास्त तयार होतात. ती अस्तर सुजवतात, चिकट स्राव वाढवतात आणि नळ्या आकसवतात. प्रोस्टाग्लँडिन ई२ हे रसायन त्यांच्यावर लगाम ठेवून असतं. ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक ही औषधं ज्या विकराला रोखतात, त्याच विकरातून हा लगाम बनतो. गोळी घेतली की लगाम सुटतो आणि ल्युकोट्राइन उसळतात. म्हणजे ही नेहमीच्या अर्थाची ॲलर्जी नव्हे. म्हणूनच त्वचेवर टोचून करायची किंवा रक्तातली ॲलर्जीची चाचणी इथे काही दाखवत नाही, आणि "सगळ्या टेस्ट नॉर्मल आल्या" म्हणून माणूस निर्धास्त होतो. दारू हाच उद्रेक कोणत्या वाटेने घडवते हे संशोधनात पूर्ण उलगडलेलं नाही. पण सूज जितकी सक्रिय तितकी दारू कमी सोसते, हे मी रुग्णांत वारंवार पाहिलं आहे.

एक उदाहरण सांगतो, ओळख पटेल असे तपशील वगळून. चाळिशी ओलांडलेल्या एक बाई माझ्याकडे आल्या त्या "वाइनची ॲलर्जी" तपासून घ्यायला. अर्धा पेला वाइन घेतली की वीस मिनिटांत दोन्ही नाकपुड्या बंद, तासाभरात छातीत घरघर. त्यांनी आधी लाल सोडून पांढरी घेऊन पाहिली, मग सल्फाइट न घातलेली, मग बीअर. फरक शून्य. मी वासाबद्दल विचारलं तेव्हा त्या सहज म्हणाल्या, "तो तर तीन वर्षांपूर्वीच गेला." पॉलिपची एक शस्त्रक्रिया होऊन गेली होती आणि वर्षभरात नाक पुन्हा भरलं होतं. वेदनाशामकांबद्दल विचारल्यावर मात्र ठाम नकार. मी जरा खोदून विचारलं, "मग अंग दुखलं तर काय घेता?" "पॅरासिटामॉल. दुसऱ्या गोळ्यांनी सर्दी होते."

या एका वाक्यात निदान होतं. दुसऱ्या गोळ्यांनी होणारी "सर्दी" त्यांच्या दृष्टीने तक्रारीच्या लायकीची नव्हती, म्हणून त्यांनी ती कुणालाही सांगितली नव्हती. पुढच्याच महिन्यात दात काढायचा होता, आणि तिथे त्यांना डायक्लोफिनॅक दिलं जाण्याची पुरेपूर शक्यता होती.

नाकात दुर्बीण घातली तर दोन्ही बाजूंना राखाडी, चकचकीत पॉलिप दिसले. सीटी स्कॅनमध्ये सायनस भरलेले होते. रक्तात इओसिनोफिल या जातीच्या पांढऱ्या पेशी वाढलेल्या, फुंकण्याच्या चाचणीत श्वासनलिकांचा अडथळा बेताचा. दातांच्या डॉक्टरांना आम्ही चिठ्ठी दिली, नाकाची नीट शस्त्रक्रिया झाली, आणि काही आठवड्यांनी, दमा आटोक्यात असताना, रुग्णालयात ॲस्पिरिनची चाचणी केली. सुरुवात ४० मिलिग्रॅमने. ठरावीक अंतराने मात्रा वाढवायची आणि प्रत्येक मात्रेआधी फुंकण्याची चाचणी करायची. तिसऱ्या मात्रेनंतर पाऊण तासात नाक चोंदलं, डोळे पाणावले आणि फुंकण्याचा आकडा घसरला. तेव्हा त्या उद्गारल्या, "अहो, वाइननंतर अगदी असंच होतं!" उपचाराने त्रास शमल्यावर तीच मात्रा पुन्हा दिली. या वेळी काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी ३२५ मिलिग्रॅमपर्यंत पोचलो.

आजाराची गंमत वाटावी अशी ही बाजू आहे: जे औषध झटका आणतं, तेच पायरीपायरीने पोचवून रोज चालू ठेवलं की सूज कमी ठेवतं आणि पॉलिप परत येण्याचा वेग मंदावतो. मात्र मोठी मात्रा रोज घ्यावी लागते, त्यामुळे पोटातल्या रक्तस्रावाचा धोका असतो, आणि सलग दोनेक दिवसांहून जास्त खंड पडला तर मिळवलेली सहनशक्ती जाते व सगळं रुग्णालयात पुन्हा करावं लागतं. ज्यांना अल्सर आहे किंवा गर्भधारणा हवी आहे त्यांना ही वाट योग्य नाही. त्यांच्यासाठी आता डुपिलुमॅबसारखी जैविक इंजेक्शनं आहेत, महाग पण परिणामकारक. या बाईंचा वास चौथ्या महिन्यात हळूहळू परतला. पुढे एका समारंभात त्यांनी अर्धा पेला वाइन घेतली आणि नाक मोकळंच राहिलं. हे मी पिण्याची शिफारस म्हणून सांगत नाही. आतली सूज उतरल्याची ती खूण होती, म्हणून माझ्या नोंदीत आहे.

तेव्हा तुम्ही आता एवढं करा. कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून नाकाची दुर्बिणीने तपासणी करून घ्या आणि तिथे दारू, वास आणि वेदनाशामकं या तिन्हींबद्दल स्वतःहून सांगा. निदान होईपर्यंत ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक, नेप्रोक्सेन टाळा. सर्दीच्या मिश्र गोळ्यांतही ती लपलेली असतात, म्हणून पाकिटावरची नावं वाचा. दुखलं तर पॅरासिटामॉल चालतं, पण एका वेळी ५०० मिलिग्रॅमच, कारण १००० मिलिग्रॅमने यातल्या काही रुग्णांना त्रास होतो. हृदयासाठी डॉक्टरांनी ॲस्पिरिन लिहून दिली असेल आणि ती त्रासाविना चालू असेल, तर ती मनाने बंद करू नका. तसं असेल तर माझा हा संशयच बराच ढिला पडतो. आणि घरी ॲस्पिरिन घेऊन "बघू या काय होतं" हा प्रयोग कदापि करू नका. अशा झटक्यात माणसं व्हेंटिलेटरवर गेलेली मी पाहिली आहेत.

दुर्बिणीत पॉलिप नसतील, वास शाबूत असेल आणि वेदनाशामकं निर्धोक असतील, तर बहुधा साधी ॲलर्जीची सर्दी आणि अर्धवट आटोक्यातला दमा निघेल. दारूने नाकातल्या रक्तवाहिन्या फुगतात, आणि आधीच अरुंद झालेल्या वाटेत तेवढंही पुरतं. तेव्हा नाकातला स्टेरॉइड स्प्रे आणि नियमित इनहेलर यांनीच फरक पडतो. "सौम्य" दमा दोन घोटांनी शिट्टी वाजवत असेल तर तो तितकासा सौम्य नाही, असंच मी धरतो. पिण्याबरोबर चेहरा लालबुंद होऊन हृदयाचे ठोके वाढत असतील आणि हे तरुणपणापासूनच असेल, तर वेगळी गोष्ट: काहींच्या शरीरात दारूपासून बनणारं ॲसिटाल्डिहाइड मोडणारं विकर जन्मतःच दुबळं असतं. पूर्व आशियाई वंशाच्या लोकांत हे सर्रास आढळतं. त्यात नाकही चोंदतं, आणि तरीही पीत राहिल्यास अन्ननलिकेच्या कर्करोगाचा धोका वाढतो. तुमचा त्रास दोनच वर्षांचा आहे, म्हणून ही शक्यता मी मागे ठेवली.

आता तुमच्या भावाबद्दल. त्याचं प्रकरण वेगळं आहे आणि तिथे मी खरोखर बाटलीत पाहीन. मराठीत आपण गांधींना "पित्त उठलं" म्हणतो आणि या शब्दापायी लोक ॲसिडिटीची गोळी घेऊन मोकळे होतात. पोटातल्या पित्ताचा इथे संबंध नाही. या गांधी त्वचेतल्या मास्ट पेशींनी हिस्टामिन सोडल्याने उठतात. बीअर बार्लीची, काही वेळा गव्हाची असते, आणि बार्लीतलं लिपिड ट्रान्सफर प्रोटीन हे प्रथिन उकळूनही टिकतं. त्याची ॲलर्जी असेल तर गांधी फक्त बीअरने उठतील, वाइन किंवा व्होडकाने नाहीत. पीच किंवा अक्रोडाने त्याच्या तोंडात खाज येते का, हेही विचारा. तशाच घडणीचं प्रथिन त्यांतही असतं.

पण एक चकवा आहे. दारू स्वतः ॲलर्जन नसली तरी ती दुसऱ्या ॲलर्जीला बळ देते, कारण तिच्यामुळे आतड्यातून प्रथिनं रक्तात जास्त सहज झिरपतात. गव्हाची सुप्त ॲलर्जी असलेला माणूस एरवी पोळी आरामात खातो, पण तीच पोळी बीअरबरोबर किंवा खाऊन लगेच व्यायाम केला की त्याच्या अंगभर गांधी येतात. म्हणून त्याने काय प्यायलं याच्या जोडीला सोबत काय खाल्लं, कोणती गोळी घेतली, नंतर नाचला किंवा धावला का, हे प्रत्येक वेळचं लिहून ठेवावं. तीन-चार नोंदींत आकृतिबंध दिसू लागतो. मग ताज्या बीअरचा थेंब, बार्ली आणि गहू यांची त्वचेवरची चाचणी करता येते, आणि इथे ती उपयोगी पडते. एरवीही, न पिताच, आठवड्यातून दोन-तीनदा गांधी उठत असतील तर ते जुनाट पित्तच आहे. दारूने त्वचा तापते आणि ते फक्त भडकतं.

गांधींबरोबर चक्कर, उलटी, घसा आवळणं किंवा दम लागणं यातलं काही एकदा जरी झालं असेल, तर त्याने तपासणी होईपर्यंत बीअर पूर्ण बंद ठेवावी आणि ॲड्रिनालिनचं इंजेक्शन जवळ ठेवण्याबद्दल डॉक्टरांशी बोलावं. अशा वेळी ॲलर्जीच्या गोळीवर विसंबून राहू नये. ती खाज थांबवते, पण घसरणारा रक्तदाब सावरत नाही. आणि अगदी थोड्या दारूने किंवा मधमाशीच्या दंशाने शुद्ध हरपल्याचा इतिहास असेल, तर मास्ट पेशींतून सुटणारं ट्रिप्टेज रक्तात मोजून घ्यावं. ते सतत चढं राहत असेल तर शरीरात मास्ट पेशीच जास्त झालेल्या असू शकतात, आणि तो शोध रक्ततज्ज्ञाकडे न्यावा लागतो.